केसांची गोळी आणि थायरॉइडचा रिपोर्ट: बायोटिनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करताना सकाळच्या रांगेत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न बायकांचे आहेत, कारण केस गळतात म्हणून बायोटिन सुरू करणाऱ्या आणि त्याच कारणासाठी थायरॉइड तपासायला येणाऱ्या बहुतेक त्याच असतात. सगळी अडचण नेमकी याच ठिकाणी आहे.

बायोटिन म्हणजे नक्की काय? ते औषध आहे का?

बायोटिन हे एक जीवनसत्त्व आहे, ब गटातलं सातवं. जुन्या डब्यांवर त्याला व्हिटॅमिन एच असंही म्हटलेलं दिसतं. शरीराला ते लागतं, पण फार थोडं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 30 ते 40 मायक्रोग्रॅम पुरतं, आणि तेवढं रोजच्या जेवणातून मिळतं. एका उकडलेल्या अंड्यात सुमारे 10 मायक्रोग्रॅम असतं. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांत 5 च्या आसपास असतं, म्हणजे भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाणाऱ्या आपल्या घरांत ते रोज पोटात जातंच.

आता केसांच्या आणि नखांच्या गोळीचा डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक वेळा तिथे 5,000 किंवा 10,000 एमसीजी लिहिलेलं असतं. एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम, आणि 1,000 मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. म्हणजे 10,000 ची गोळी 10 मिलिग्रॅमची झाली. दिवसाच्या गरजेच्या ती 250 पट किंवा त्याहून जास्त आहे.

एवढं जास्त घेतलं तर विषबाधा होते का?

नाही. बायोटिन पाण्यात विरघळतं आणि जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. इतक्या डोसने शरीराला थेट अपाय झाल्याचं दिसत नाही. म्हणूनच लोक ते निर्धास्तपणे घेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. पण लघवीवाटे निघून जाईपर्यंत ते रक्तात असतं, आणि तेवढ्या वेळात कोणी रक्त काढलं तर ते नळीत उतरतं. माणसाला त्रास नसतो, तपासणीला मात्र होतो.

रक्तातलं जीवनसत्त्व मशीनचा आकडा कसं काय बिघडवतं?

यासाठी मशीनच्या आत काय चालतं ते थोडं समजून घ्यावं लागेल. थायरॉइडसारखे हार्मोन रक्तात फार कमी असतात. ते मोजायला ॲन्टिबॉडी वापरतात, म्हणजे फक्त त्याच हार्मोनला धरणारं प्रथिन. या ॲन्टिबॉडीने हार्मोन धरला की तो बाकीच्या रक्तापासून वेगळा काढावा लागतो. त्यासाठी अनेक कंपन्यांनी एक फार चांगली जोडी शोधली: बायोटिन आणि स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन. स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन हे जिवाणूंपासून मिळणारं प्रथिन बायोटिनला इतकं घट्ट पकडतं, की निसर्गात इतकी पक्की पकड क्वचितच सापडते.

भिंतीवरच्या खुंट्या डोळ्यांसमोर आणा. मशीनमध्ये बारीक मण्यांवर स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिनच्या खुंट्या असतात. कंपनी आपल्या ॲन्टिबॉडीला बायोटिनची कडी लावून देते. ही कडी खुंटीला अडकते, ॲन्टिबॉडी टांगली जाते आणि तिच्याबरोबर हार्मोनही. मग सगळं धुऊन काढतात. जे टांगलेलं आहे ते राहतं, बाकीचं वाहून जातं. राहिलेल्यावर प्रकाश देणारी खूण लावलेली असते. तो प्रकाश मोजून मशीन आकडा देतं.

आता तुमच्याच रक्तात गोळीतलं भरपूर मोकळं बायोटिन असेल, तर खुंट्या आधीच भरून जातात. कंपनीच्या ॲन्टिबॉडीला जागा उरत नाही, ती हार्मोनसकट धुऊन जाते आणि प्रकाश कमी पडतो. मशीनला यातलं काही कळत नाही. त्याला दिसतो फक्त कमी प्रकाश.

म्हणजे सगळे आकडे कमी येतात?

नाही, आणि घोळ इथेच होतो. या तपासण्या दोन प्रकारांनी होतात.

पहिल्या प्रकारात हार्मोन दोन ॲन्टिबॉडींच्या मध्ये धरला जातो. इथे प्रकाश जास्त तर हार्मोन जास्त. बायोटिनने प्रकाश कमी केला की आकडा खोटा कमी येतो. टीएसएच, फेरिटिन, प्रोलॅक्टिन, पीएसए, गरोदरपणाची बीटा एचसीजी आणि हृदयाची ट्रोपोनिन या साधारण अशा पद्धतीने होतात.

दुसरा प्रकार लहान रेणूंसाठी असतो, कारण त्यांना दोन बाजूंनी धरायला जागाच नसते. तिथे रुग्णाचा हार्मोन आणि कंपनीने खूण लावलेला हार्मोन एकाच जागेसाठी भांडतात. रुग्णाचा जास्त असेल तर खुणेचा कमी चिकटतो. म्हणजे इथे प्रकाश कमी तर हार्मोन जास्त, असा उलटा हिशेब असतो. बायोटिनने प्रकाश कमी केला की मशीन म्हणतं, हार्मोन खूप आहे. फ्री टी-3, फ्री टी-4, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल, व्हिटॅमिन डी आणि बी-12 या बहुधा या गटात येतात.

आता दोन्ही एकत्र ठेवून पाहा. टीएसएच खोटा कमी, टी-4 खोटा जास्त. टीएसएच हा थायरॉइडला कामाला लावणारा, मेंदूकडून येणारा हार्मोन आणि टी-4 हा थायरॉइडचा स्वतःचा. थायरॉइड जोरात चालत असेल तर टीएसएच उतरतो, टी-4 चढतो आणि रिपोर्ट हुबेहूब असाच येतो. एक आकडा वेडावाकडा आला असता तर डॉक्टरांना शंका आली असती. पण इथे दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून रिपोर्ट खरा वाटतो. डोस फार मोठा असेल तर काही मशीनवर थायरॉइड जोरात चालवणाऱ्या ग्रेव्हज आजाराची ॲन्टिबॉडीसुद्धा खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग तर निदानावर शिक्काच बसतो.

फरक किती पडतो? थोडाफार इकडे तिकडे होत असेल ना?

2017 साली एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक लहान अभ्यास छापून आला. सहा निरोगी माणसांना आठवडाभर रोज 10 मिलिग्रॅम बायोटिन दिलं आणि त्यांचं रक्त वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर तपासलं. एका मशीनवर टीएसएच 94 टक्क्यांनी खाली आला, दुसऱ्यावर 37 टक्क्यांनी. बायोटिनची जोडी न वापरणाऱ्या पद्धतींवर असा परिणाम झाला नाही. माणसं तीच, रक्त तेच, फक्त मशीन वेगळं.

यातला 37 टक्क्यांचा फरक मला 94 पेक्षा जास्त काळजीचा वाटतो. टीएसएच एकदम 0.1 वर आला तर निदान कोणीतरी थबकेल. पण समजा एखाद्या बाईचा खरा टीएसएच 6.2 आहे, म्हणजे थायरॉइड मंद पडायला लागलाय. त्यातून 37 टक्के गेले की रिपोर्टवर 3.9 छापून येईल. बहुतेक लॅबच्या मर्यादेत हा आकडा नॉर्मल बसतो. ना लाल अक्षर, ना बाण. ती घरी जाईल, थायरॉइड नाही म्हणून निश्चिंत होईल, आणि केस गळतच राहिले म्हणून बायोटिनचा दुसरा डबा आणेल. केस गळण्याचं खरं कारण थायरॉइड असू शकतं आणि ते कारण लपवणारी गोळी ती रोज घेत असते. हा रिपोर्ट चुकल्याचं कोणाच्याच लक्षात येत नाही, म्हणून तो जास्त वाईट.

फेरिटिनचंही असंच. केस गळत असतील तर शरीरातला लोहाचा साठा बघायला डॉक्टर ही तपासणी सांगतात. बायोटिनमुळे तीही कमी दिसू शकते आणि गरज नसताना लोहाच्या गोळ्या सुरू होतात. व्हिटॅमिन डी उलटं जास्त दिसू शकतं आणि खरी कमतरता झाकली जाते. अनियमित पाळीसाठी टेस्टोस्टेरॉन केलं तर तेही खोटं वाढलेलं येऊ शकतं. केसांच्या तक्रारीसाठी जी यादी लिहून मिळते, तिच्यातल्या बऱ्याच तपासण्यांना हीच गोळी बाधते.

एखादं उदाहरण सांगाल का?

असं घडतं. जुळे सोलापूरमधली तिशीतली एक शिक्षिका. बाळंतपणाला सात-आठ महिने झालेले, केस पुंजक्याने हातात येतात. मैत्रिणीने सुचवली म्हणून 10 मिलिग्रॅमची बायोटिनची गोळी सुरू केलेली. कुठेतरी तपासणी करून घेतली: टीएसएच 0.14, फ्री टी-4 मर्यादेच्या थोडा वर. रिपोर्ट बघून घरचे घाबरले, आणि थायरॉइड कमी करणारं कार्बिमॅझोल सुरू करायचं का, इथपर्यंत गोष्ट गेली.

तिच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी तिला तपासलं. नाडी 76. हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, कागद थरथरला नाही. वजन कमी झालेलं नव्हतं, उलट बाळंतपणानंतरचं उतरलेलं नव्हतं. उकडतं का, धडधडतं का, झोप लागते का, यातलं काही तक्रार करण्यासारखं नाही. टीएसएच खरोखर 0.14 असता तर यातलं काहीतरी दिसण्याची शक्यता होती. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, पुन्हा तपासा, आणि आमच्याकडे पाठवलं.

रक्त काढायच्या आधी खिडकीवर नेहमीचा संवाद झाला.

"ताई, सकाळी काही गोळी घेतली का?"

"नाही ओ मॅडम, उपाशीच आलेय."

"जीवनसत्त्वाची? केसांची?"

"ती होय. ती घेतली ना, सातला, पाण्याबरोबर. ती काय औषध नाही, केसांची आहे."

घड्याळात नऊ वाजले होते. बायोटिन घेतल्यानंतर साधारण एक-दोन तासांत रक्तातलं प्रमाण सगळ्यात वर जातं, म्हणजे ती अगदी नेमक्या वेळी आली होती. आधीच्या लॅबमध्येही तसंच झालं असणार, कारण रोजची सवय तीच. त्या दिवशी रक्त काढलंच नाही. गोळी बंद करून चौथ्या दिवशी यायला सांगितलं. तेव्हा टीएसएच 2.3 आला आणि फ्री टी-4 मध्यावर. थायरॉइड ठीक होतं. केस बाळंतपणामुळे गळत होते. तसे ते बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी गळायला लागतात आणि बहुतेकींचे वर्षभरात आपोआप सावरतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येऊन टीएसएच काही काळ खरोखरही कमी होऊ शकतो. म्हणून बायोटिन घेतलं होतं एवढ्यावर "रिपोर्ट खोटाच" असं आपणच ठरवायचं नाही. गोळी बंद ठेवून पुन्हा तपासलं तरच ते कळतं.

तपासणीआधी गोळी किती दिवस बंद ठेवायची?

5 ते 10 मिलिग्रॅमची नेहमीची गोळी असेल तर थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. आम्ही तीन दिवस सांगतो. आज गुरुवार असेल तर आज रात्रीपासून बंद करा आणि सोमवारी सकाळी या, हे लोकांच्या लक्षात राहतं. शिवाय काहीजण गोळी आणि गमी दोन्ही घेत असतात आणि सांगताना एकच सांगतात.

काही किटच्या माहितीपत्रकात फक्त आठ तास लिहिलेले असतात. त्या किटसाठी आणि मूत्रपिंड नीट काम करणाऱ्या माणसासाठी ते बरोबर असेलही. पण तुमचं रक्त कोणत्या मशीनवर लागणार हे तुम्हाला ठाऊक नसतं. सोलापुरातली अनेक छोटी कलेक्शन सेंटर नमुना पुढे पुण्या-मुंबईला पाठवतात. म्हणून जास्त अवधी ठेवणंच सुरक्षित.

मूत्रपिंडाचा आजार असेल, तर बायोटिन बाहेर पडायला फार वेळ लागतो. तिथे तीन दिवसही कमी पडू शकतात, डॉक्टरांना विचारूनच तारीख ठरवा.

उपाशी राहिलं की भागत नाही का?

नाही. उपाशीपोटी येण्याचा संबंध साखर आणि चरबीच्या तपासणीशी आहे. पाण्याबरोबर घेतलेली गोळी "उपास मोडत नाही" हे खरं, पण बायोटिन रक्तात जायचं ते जातंच. सकाळी उठल्याबरोबर गोळी घेऊन उपाशी येणं ही तर सगळ्यात वाईट वेळ.

थायरॉइडची रोजची गोळी घेणाऱ्यांनी ती मात्र स्वतःहून बंद करू नये. टीएसएचसाठी रक्त आधी द्या, मग गोळी घ्या, एवढं पुरतं. बंद ठेवायचं ते फक्त बायोटिन. या रुग्णांना बायोटिनचा धोका वेगळा आहे. टीएसएच खोटा कमी आला की डॉक्टरांना वाटतं डोस जास्त होतोय, ते गोळी कमी करतात, आणि काही आठवड्यांत खरंच थकवा, सूज, केस गळणं वाढतं. पुन्हा बायोटिन.

कोणत्या तपासण्यांना याची बाधा होत नाही?

सीबीसी म्हणजे हिमोग्लोबिन आणि पेशींची मोजणी, साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लिव्हरच्या नेहमीच्या तपासण्या, सोडियम-पोटॅशियम. या वेगळ्या पद्धतीने होतात आणि त्यांत बायोटिनची ही जोडी नसते. एचबीए1सी एचपीएलसी पद्धतीने होत असेल तर तीही सुरक्षित. फक्त मधुमेहाची तपासणी करायची असेल तर बायोटिनसाठी थांबायची गरज नाही.

छातीत दुखत असेल आणि मी बायोटिन घेत असेन तर?

तर एक मिनिटही थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. तीन दिवस बंद ठेवण्याचा नियम ठरवून केलेल्या तपासण्यांसाठी आहे, तातडीसाठी नाही.

पण तिथे पोहोचल्यावर ईसीजी काढता काढता डॉक्टरांना सांगा: "मी केसांसाठी बायोटिन घेतो, शेवटची गोळी अमुक वेळेला घेतली." हृदयविकाराचा झटका ओळखायला ट्रोपोनिन करतात. ती वाढली की हृदयाच्या स्नायूला इजा झाली असं समजतं. ही पहिल्या गटातली तपासणी आहे, म्हणजे बायोटिनने खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, नोव्हेंबर 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात मोठ्या प्रमाणात बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद होती. ज्या पद्धतीत बायोटिनची बाधा येते अशा पद्धतीने केलेली ट्रोपोनिन खोटी कमी आली होती. 2019 मध्ये एफडीएने तो इशारा पुन्हा अद्ययावत केला.

त्यानंतर अनेक कंपन्यांनी ट्रोपोनिनची रसायनं सुधारली आहेत. डॉक्टरही फक्त एका आकड्यावर जात नाहीत, ईसीजी बघतात, काही तासांनी ट्रोपोनिन पुन्हा करतात. तरीही तुम्ही सांगितलेलं एक वाक्य त्यांना उपयोगी पडतं. रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत नसेल तर हे घरच्यांनी सांगायचं आहे. म्हणून घरात कोण काय गोळी घेतं ते एकमेकांना माहीत असू द्या. बायकोच्या डब्यातली गोळी नवरा घेतो आणि सांगत नाही, असंही असतं.

लॅबलाच हे कळायला नको का? आम्ही का सांगायचं?

रास्त प्रश्न आहे. विचारायची जबाबदारी लॅबची आहे, यात दुमत नाही. फॉर्मवर "केस, नखं, त्वचा यांसाठी गोळी, पावडर किंवा गमी घेता का?" हा प्रश्न असायला हवा. "औषधं घेता का?" असं विचारलं तर नव्वद टक्के तरी "नाही" हेच उत्तर मिळेल असं मला वाटतं, कारण लोकांच्या लेखी ही गोळी औषधात मोडतच नाही.

नुसत्या रक्ताच्या नळीकडे बघून मात्र कळत नाही. बायोटिनला रंग नाही, सीरम स्वच्छ दिसतं, मशीन कुठलाही इशारा देत नाही. संशय आला तर आमच्यापुढे काही मार्ग असतात. तोच नमुना स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन न वापरणाऱ्या मशीनवर लावून बघता येतो. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर गडबड पकडली जाते. दुसरा मार्ग म्हणजे सीरममध्ये स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिन लावलेले मणी मिसळून मोकळं बायोटिन आधीच ओढून घ्यायचं आणि मग तपासायचं. हे मोठ्या लॅबमध्ये होतं. सगळ्यात सोपा आणि खात्रीचा मार्ग मात्र गोळी थांबवून नवं रक्त घेणं हाच. त्याला पैसे लागतात ते फक्त पुन्हा तपासणीचे.

आमच्या लॅबचं मशीन नवं आहे. मग तर प्रश्नच नाही ना?

धोका खूप कमी होतो, हे खरं. किटच्या माहितीपत्रकात एक आकडा दिलेला असतो: रक्तात अमुक इतकं बायोटिन असेपर्यंत निकाल भरवशाचा. टीएसएचच्या एका जुन्या प्रचलित किटमध्ये ही मर्यादा एका मिलिलीटरला 25 नॅनोग्रॅम होती, आणि 10 मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर काही तास ती सहज ओलांडली जाते. त्याच कंपनीच्या नव्या पिढीच्या किटमध्ये ती 1,200 वर नेली आहे. काही कंपन्या तर ही जोडी बहुतेक तपासण्यांत वापरतच नाहीत.

पण एकाच मशीनवर टीएसएचचं किट नवं आणि दुसऱ्या एखाद्या हार्मोनचं जुन्या पद्धतीचं, असंही असू शकतं. लॅबला विचारायचं असेल तर "मशीन नवं आहे का?" असं विचारू नका. "या तपासणीच्या किटची बायोटिनची मर्यादा किती?" असं विचारा. ज्याने माहितीपत्रक वाचलंय तो लगेच सांगेल.

शाम्पू, तेल किंवा साधी बी-कॉम्प्लेक्स गोळी चालते का?

शाम्पू आणि तेलातलं बायोटिन रक्तात असा फरक पडण्याइतकं जात नाही. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये बायोटिन बहुधा मायक्रोग्रॅमच्या शेकड्यात असतं, त्याने सहसा बाधा होत नाही. पण "केस-त्वचा-नखं" असं लिहिलेली मल्टिव्हिटॅमिन वेगळी. तिच्यात हजारो मायक्रोग्रॅम असू शकतात. नावावर जाऊ नका, मागचा आकडा वाचा. जमत नसेल तर डबा किंवा मोबाइलवर त्याचा फोटो घेऊन या, आम्ही वाचून सांगतो.

बायोटिनने केस खरंच वाढतात का?

शरीरात बायोटिनची कमतरता असेल तर केस गळतात आणि बायोटिन दिल्यावर सुधारतात, हे पक्कं आहे. पण अशी कमतरता क्वचितच आढळते. जन्मजात आजार असलेली काही मुलं, फिटची काही औषधं वर्षानुवर्षं घेणारी माणसं, किंवा रोज कच्ची अंडी खाणारे. कच्च्या पांढऱ्या बलकात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिनला धरून ठेवतं. अंडं शिजवलं की हा प्रश्न मिटतो. व्यायामशाळेत जाऊन कच्ची अंडी पिणाऱ्या मुलांनी एवढं ऐकावं.

ज्याला कमतरताच नाही त्याचे केस बायोटिनने दाट होतात, याला चांगला पुरावा मिळालेला नाही. नखं ठिसूळ असण्यावर काही लहान अभ्यास आहेत, त्यांत 2.5 मिलिग्रॅमने फायदा दिसला, पण ते अभ्यास फार छोटे आहेत. आपल्याकडे केस गळण्यामागे बहुधा लोहाची कमतरता, थायरॉइड, बाळंतपण, किंवा दोन-तीन महिन्यांपूर्वी येऊन गेलेला टायफॉइड-डेंग्यूसारखा ताप असतो. माझं मत विचाराल तर आधी रक्त द्या आणि मग डबा विकत घ्यायचा की नाही ते ठरवा. या क्रमाने केलं तर या पानावरचे बरेचसे प्रश्न उरतच नाहीत.

डॉक्टरांनीच मोठ्या डोसचं बायोटिन लिहून दिलंय. तेही बंद करायचं का?

स्वतःहून नाही. बायोटिनिडेझ या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांना रोज 5 ते 20 मिलिग्रॅम बायोटिन आयुष्यभर लागतं आणि ते खंडित होणं धोक्याचं आहे. परदेशात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांवर रोज 300 मिलिग्रॅमपर्यंत डोसचे प्रयोग झाले. इतकं बायोटिन दोन-तीन दिवसांत पुरतं निघून जात नाही. अशा रुग्णांचं रक्त बायोटिनची बाधा नसलेल्या पद्धतीनेच तपासायला हवं. त्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर डोस लिहून घ्या आणि रक्त देण्याआधी लॅबला फोन करा. आमच्या मशीनवर ती तपासणी भरवशाची होणार नसेल, तर नमुना कुठे पाठवायचा ते आम्ही सांगू.

जुने रिपोर्ट आहेत, तेव्हा बायोटिन चालू होतं. त्यांचं काय करू?

फाडून टाकू नका. रिपोर्टच्या कोपऱ्यावर पेनाने लिहा: बायोटिन चालू होतं, किती मिलिग्रॅम, शेवटची गोळी किती वाजता. रक्त घेतल्याची वेळ बहुतेक रिपोर्टवर छापलेली असते. या दोन वेळा शेजारी शेजारी दिसल्या की डॉक्टरांना अंदाज येतो. त्या रिपोर्टवरून थायरॉइडचं औषध सुरू झालं असेल किंवा डोस बदलला असेल, तर औषध न थांबवता आधी डॉक्टरांना भेटा. फक्त बायोटिन तीन दिवस बंद ठेवून तपासणी पुन्हा करून घ्या, आणि शक्य असेल तर ती त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे मशीन बदलल्यामुळे पडणारा फरक मध्ये येणार नाही.